सत्तावीसशेंचा फरक

महिन्याचा अखेरचा दिवस होता. व्यवहार संपल्यावर शाखेतील सारेजण मुख्य रोखपालांच्या भोवती जमले. अडतीस वर्षांच्या सेवेनंतर ते आज निवृत्त होत होते. शाल-श्रीफळ झाले आणि एक अधिकारी सरबताचा पेला हाती घेऊन उभा राहिला. लांबलचक गुणवर्णन टाळून त्याने १९८६ सालच्या एका संध्याकाळची आठवण सांगितली.

तेव्हा तो नवखा कारकून होता आणि पैसे देण्याच्या खिडकीवर बसे. त्या दिवशी रोकड मोजली, तर पुस्तकातील शिलकेपेक्षा २,७०० रुपये कमी भरले. ही रक्कम त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. कुणीतरी नजर चुकवून नोटा नेल्याची कुजबुज सुरू झाली. घाबरलेला मुलगा म्हणाला, "अण्णा, वडिलांकडून आणून उद्या भरतो."

अण्णांनी त्याला खाली बसवले. "आज पैसे भरलेस, तर चूक सापडणार नाही आणि संशय मात्र कायमचा राहील. आधी या आकड्याला नऊने भागून पाहा."

भागाकार आला तीनशे, बाकी शून्य. अण्णांनी समजावले, की शेजारचे दोन अंक लिहिताना उलटे पडले, तर फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. एखादे शून्य कमी-जास्त पडले, तरीही तसेच होते. अर्थात नोटा खरोखर गेल्या असतील, तरी योगायोगाने भाग जाऊ शकतो. म्हणून हा पुरावा नव्हे, केवळ शोधाची दिशा. फरक सत्तावीसशेंचा, म्हणजे हजार आणि शतक या स्थानांवरील अंकांत तीनचे अंतर असलेल्या रकमा प्रथम पाहायच्या. त्याखेरीज तीनशे आणि तीन हजार या नोंदी.

दोघांनी मिळून एकेक व्हाउचर नोंदवहीशी ताडून पाहिले. तासाभराने एक व्हाउचर हाती आले. खातेदाराला ५,२०० रुपये दिलेले होते. वहीत मात्र २,५०० लिहिले होते. दिलेली रक्कम कमी नोंदल्यामुळे पुस्तकातील शिल्लक तेवढीच फुगली होती. रोकड पूर्ण होती.

अण्णांनी त्याच्याच हातून चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारवून वर बरोबर आकडा लिहवला आणि शेजारी स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी या प्रसंगाचा त्यांनी कुणाजवळ उल्लेखही केला नाही.

अधिकारी क्षणभर थांबला. "तो कारकून मीच. त्या संध्याकाळी मी घरी मान वर करून गेलो, तो अण्णांमुळे." त्याने पेला उंचावला. "अण्णा, उद्या शाखेच्या हिशेबात मोठी तूट येणार आहे. ती मात्र कितीही व्हाउचरे तपासली तरी भरून निघणार नाही."

अण्णा हसले, चष्मा पुसला आणि सवयीने तिजोरीच्या किल्ल्यांसाठी खिशाकडे हात नेला. किल्ल्या दुपारीच सोपवून झाल्या होत्या.