खोक्याचे वजन आणि खोक्याची जागा

सुरतेत राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांकडे गावची मंडळी एक काम हक्काने सोपवितात. रिंग रोडच्या बाजारातून साड्या घेऊन पाठविणे हे ते काम होय. यंदा वसईला पुतणीचे लग्न होते. सहा साड्यांबरोबर तिचा पांढरा गाऊनही येथेच शिवून घेतला होता. लग्नाला बारा दिवस उरले असता ही दोन्ही खोकी आमच्या ओटीवर तयार होती.

गाऊन खोक्यासह 1 किलो 800 ग्रॅम भरला. साड्यांचा गठ्ठा 3 किलो 200 ग्रॅम. साध्या हिशेबाने साड्यांना भाडे अधिक पडावयास हवे. पण कुरिअरवाला वजनाबरोबर जागाही विकत असतो. जाळीचा गाऊन दाबला तर चुरगळतो, म्हणून त्याचे खोके 45 सेंटीमीटर लांब, 35 रुंद व 20 उंच केले होते. या तीन मापांचा गुणाकार 31500. त्याला 5000 ने भागले की 6.3 किलो येतात. यालाच ते व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. खरे वजन आणि हे वजन यांत जे मोठे, त्यावर भाडे. साड्यांचा गठ्ठा 38, 28 व 9 सेंटीमीटरचा, म्हणजे जागेच्या हिशेबाने दोन किलोंहूनही कमी. तेथे काट्यावरचे वजनच चालते. अशा रीतीने हलका गाऊन जड साड्यांच्या जवळजवळ दुप्पट ठरला!

भाड्याचे तक्ते दोन ठिकाणांहून आणले. पहिल्याचा दर पहिल्या अर्ध्या किलोस 60 रुपये आणि पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस 50. टप्पा किंचित ओलांडला तरी पुढचा पूर्ण टप्पा धरतात, म्हणून गाऊनचे 6.3 चे साडेसहा किलो झाले आणि भाडे 660. साड्यांचे साडेतीन किलो, भाडे 360. एकूण 1020 रुपये.

तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले की, खोके थोडे उंच करून साड्या तळाशी पसराव्यात व गाऊन वर ठेवावा. गाऊनवर भार न येता उंची 26 झाली. आता जागेचे वजन 8.19 किलो, टप्पा साडेआठचा, भाडे 860. खरे वजन पाच किलोंच्या आसपासच असल्यामुळे ते आड आले नाही. दोन खोक्यांचे एक केल्याने 160 रुपये वाचले. मात्र झाकण फुगून उंची एका सेंटीमीटरने वाढती तर आकडा 8.505 होऊन नवा टप्पा लागता. पाच ग्रॅमांसाठी 50 रुपये! कुरिअरवाले फुगवट्यासकट मापतात. म्हणून आम्ही खोक्याला आडवी-उभी पट्टी आवळून मगच टेप लावला.

दुसऱ्याचा माल रस्त्याने जातो. त्याचा दर किमान पाच किलोंचे 300 रुपये व पुढे दर किलोस 40. दिसावयास फारच स्वस्त. पण त्याचा भाजक 5000 नसून 4000 आहे. भाजक लहान झाला की वजन मोठे होते. आमचे तेच खोके येथे 10.24, म्हणजे 11 किलोंचे झाले. भाडे 540. शिवाय आमचे गाव त्याच्या नेहमीच्या वाटपक्षेत्राबाहेर असल्याने घरपोच देण्याचे 250 वेगळे. एकूण 790. पिनकोड सांगितल्याशिवाय ही रक्कम कोणी बोलून दाखवीत नाही; ती आधी विचारून घ्यावी. एकच साडी पाठवायची असती तर मात्र याच्याकडे फिरकूही नये. सहाशे ग्रॅमला पहिला 110 घेतो, हा किमान 300.

अंतराचेही एक गमतीचे आहे. काही तक्त्यांत राज्यांतर्गत व राज्याबाहेर असे दोनच भाग असतात. 1960 च्या मे महिन्यापर्यंत सुरत व वसई एकाच मुंबई राज्यात होती. आता मध्ये सीमा आली. म्हणून अशा तक्त्यांत सुरतेहून भूजला, इतके दूर असूनही, वसईपेक्षा कमी पडते. टपालखात्याच्या स्पीड पोस्टचे दर किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरतात, तेथे राज्याची सीमा आड येत नाही.

दोन्ही भाड्यांवर 18 टक्के जीएसटी सारखाच लागत असल्याने तुलनेत तो बाजूला ठेवला. उरला फरक 70 रुपयांचा आणि दोन दिवसांच्या विलंबाचा. दिवस हाताशी होते, म्हणून खोके दुसऱ्याकडे दिले. देण्यापूर्वी टेप लावून तिन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली. कारण पुढे गोदामातील यंत्राने माप वाढवून दाखविले तर भांडावयास तेवढाच पुरावा असतो. पावतीवर खरे वजन व आकारलेले वजन अशी दोन घरे होती. दुसऱ्या घरात 11 हाच आकडा आहे, हे पाहूनच आम्ही पैसे मोजले. पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. गाऊनला इस्त्रीसुद्धा करावी लागली नव्हती.