‘जॉईन’चं बटण आलंय, पण बातम्या फुकटच राहणार



चॅनेलवर ‘सबस्क्राईब’च्या शेजारी Join असं नवं बटण दिसायला लागलंय. काल शिवथर खोऱ्यातल्या एका आजोबांचा फोन आला. “आता घाट चालू हाय का बंद, ते बघायला पन पैसं लागनार काय रं बाळा?” त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच इथं सगळ्यांसाठी लिहितो.

आजोबा, नाही लागणार. सबस्क्राईब पूर्वीही फुकट होतं, आताही फुकटच आहे. वरंध घाट, सावित्रीचं पाणी, दरडीचा इशारा, ग्रामसभा, एसटी हे सगळं सगळ्यांना उघडं राहील. लाईव्ह चालू असताना चॅट फक्त सदस्यांपुरतं ठेवायची सोय यूट्यूब देतं. ती मी कधीच वापरणार नाही. पुराच्या रात्री “आमच्या वाडीत पाणी आलं का?” असं मुंबईहून विचारणाऱ्या चाकरमान्याकडं मी आधी पावती मागू का?

मग हे बटण कशाला?

२२ जुलै २०२१ आठवा. महाडात पाणी शिरलं होतं आणि तळीयेवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हाचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यात जास्त पाहिलेत. पण अशा व्हिडिओंना यूट्यूबवर बऱ्याचदा पिवळं डॉलरचं चिन्ह लागतं. म्हणजे त्यावर जाहिराती कमी येतात किंवा येतच नाहीत, कारण आपत्तीच्या बातमीशेजारी आपला माल दाखवायला कंपन्यांना नको असतं. ते मला पटतं. मढ्यापुढं साबणाची जाहिरात मलाही नकोच. पण मग ज्या बातमीसाठी सगळ्यात जास्त धावावं लागतं, तिच्यातच सगळ्यात कमी मिळतं.

राहिल्या स्थानिक जाहिराती. त्या कुठल्या, तुम्हाला माहीत आहेच: वाढदिवसाच्या शुभेच्छा. मीही घेतल्यात, लपवत नाही. एकदा रस्त्याच्या खड्ड्यांचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी एका जाहिरातदाराचा निरोप आला, “यंदा राहू द्या.” रागावून नाही, अगदी गोड आवाजात. मी व्हिडिओ काढला नाही. पण पुढच्या खड्ड्यापाशी कॅमेरा काढताना हात क्षणभर थांबला, हे खरं. तो थांबू नये म्हणून हे बटण.

आता हिशेब. सदस्यत्व महिन्याला ५९ रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी धरला, तर मूळ रक्कम ५० रुपये. त्यातले ७० टक्के, म्हणजे ३५ रुपये चॅनेलला आणि १५ यूट्यूबला. शंभर जण आले तर महिन्याला साडेतीन हजार. त्यात पोलादपूर ते शिवथर फिरायचं पेट्रोल आणि मोबाईलचा डेटा निघतो. घर चालत नाही, पण “यंदा राहू द्या”चं भय कमी होतं. आयफोनच्या अ‍ॅपमधून रक्कम जास्त दिसू शकते. तसं दिसलं तर ब्राउझरमधून बघा.

बदल्यात काय? महिन्यातून एकदा सदस्यांसाठी एक व्हिडिओ: कुठल्या बातमीमागं काय केलं, पैसे कुठं गेले. बस्स. बातमीवर हक्क मिळत नाही. सदस्याच्या चुकीचीही बातमी होईल. आणि नेते, पदाधिकारी, ठेकेदार यांना हात जोडून विनंती: आपण जॉईन करू नका.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, सदस्याच्या कमेंटशेजारी बॅज दिसतो, म्हणजे तुम्ही सदस्य आहात हे गावाला कळतं. सरकारी नोकरीतल्यांनी किंवा ज्यांना ते नको असेल त्यांनी राहू द्यावं. दोन, पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात. थांबवायचं असेल तर यूट्यूबमध्ये Purchases and memberships उघडून सदस्यत्व रद्द करा. भरलेला महिना संपेपर्यंत ते चालू राहतं, पुढं कापत नाहीत. कारण सांगायची गरज नाही, आणि मी विचारणारही नाही.

अजून एक. माझ्या नावानं कुणी क्यूआर कोड किंवा लिंक पाठवून “सदस्य व्हा” म्हणालं, तर पैसे टाकू नका. सदस्यत्व फक्त चॅनेलवरच्या बटणातूनच.

आजोबांनी सगळं ऐकून विचारलं, “मंग मी काय करू?” म्हटलं, तुम्ही काहीच करू नका. घाटात दरड दिसली की नेहमीसारखा पहिला फोन मला करा. इतकी वर्षं चॅनेल त्या फोनांवरच चाललंय.

आपलाच,
तुमचा बातमीदार