तेरचा पुसलेला आकडा

पावसाळ्यात तालुक्याचा मंडळनिहाय पावसाचा तक्ता रोज हातोहात फिरतो. आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत कुठे किती मिलिमीटर पडला ते त्यात असते आणि शेवटी सरासरी. मी तेरमध्ये गणित शिकवतो, हे आकडे वहीत उतरवून ठेवतो. कधी फोटो हलतो, कधी शाई फुटते आणि नेमकी आपल्याच मंडळाची ओळ वाचता येत नाही. मग ती सरासरीतून काढावी लागते.

समजण्यापुरते पाच मंडळांचे आकडे मनाने घेऊ. ढोकी 58, बेंबळी 41.5, जागजी 49, पाडोळी 37.5, तेर पुसलेले आणि सरासरी 50.2. वर्गातली रीत सगळ्यांना येते. सरासरीला पाचाने गुणा, एकूण 251. चौघांची बेरीज 186. वजा केले की तेर 65.

मला स्वतःला दुसरी वाट आवडते, कारण ती कागदाशिवाय जमते. 50 हा गृहीतमध्य धरायचा आणि प्रत्येक मंडळ त्याच्या किती वर किंवा खाली आहे एवढेच बघायचे. ढोकी 8 वर, बेंबळी साडेआठ खाली, जागजी 1 खाली, पाडोळी साडेबारा खाली. चौघे मिळून 14 खाली. खरी सरासरी मात्र 50 च्या 0.2 वर आहे, म्हणजे पाच मंडळांत मिळून 1 वर. ती 14 ची तूट भरून वर 1 शिल्लक टाकायची तर तेरला 15 वर असावेच लागते. पुन्हा 65. मुलांना ही रीत मी आधी शिकवतो. गुणाकार-वजाबाकीत उत्तर मिळते, इथे ते उत्तर तेवढेच का, हे दिसते.

आपले गोरोबाकाका थापटण्याने ठोकून कच्चे मडके ओळखत, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आलेले उत्तरही तसेच ठोकून घ्यावे. ते उणे आले तर कुठला तरी आकडा चुकीचा उतरवला आहे, पाऊस उणे पडत नाही. पण खरी खोच भागाकारात असते. समजा तक्त्यात सरासरी 46.5 छापली आहे. पाचाने गुणले की 232.5, त्यातून 186 गेले, तेर 46.5. उत्तर सरासरीइतकेच आले की मी थांबतो. 186 ला चाराने भागून बघा, 46.5 च येतात. याचा बहुतेक अर्थ असा की तेरचा आकडा आलाच नव्हता आणि सरासरी चौघांचीच काढली. आपण जो शोधून काढला तो आकडा तिथे कधी नव्हताच. एखाद्या दिवशी तेरमध्ये खरोखर तेवढाच पाऊस पडू शकतो, पण तसा योगायोग विरळा.

याउलट सरासरी 37.2 असेल तर तेरला शून्य येते. तेर कोरडे राहिले, की नोंद नाही म्हणून कोणी शून्य धरून पाचाने भागले? हे गणित सांगू शकत नाही. ढोकीला 58 असताना शेजारच्या तेरला थेंबही नाही, असा पाऊस आपल्याकडे पडतोही. अशा वेळी मी वहीत शून्य लिहीत नाही, जागा रिकामी ठेवतो.

आता पुन्हा त्या 65 कडे येऊ. हा आकडा साधा नाही. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या नुकसानभरपाईची गोष्ट तिथून सुरू होते. छापलेली 50.2 ही सरासरी जवळच्या दशांशापर्यंत आणलेली असते. खरी ती 50.15 ते 50.25 मध्ये कुठेही असेल. पाचाने गुणताना ही ढिलाईही पाचपट होते. म्हणून तेरचा पाऊस 65 नव्हे, तर 64.75 ते 65.25 च्या दरम्यान. नुसती 50 छापली असती, तर तो 61.5 पासून 66.5 पर्यंत कुठेही बसला असता. मंडळे जितकी जास्त, तितका हा पट्टा रुंद. खरिपाचे सोयाबीन पाण्यात उभे असताना रेषेच्या अलीकडे की पलीकडे हेच विचारायचे असते आणि नेमके तेच या रीतीने ठरत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. दोन मंडळांचे आकडे पुसले असतील तर त्या दोघांची बेरीज तेवढी मिळते, वाटणी मिळत नाही.

तक्ता बनवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सरासरीशेजारी एकूण बेरीज आणि किती मंडळांची नोंद आली तो आकडा, एवढे दोनच रकाने वाढवा. बेरीज असली की गुणायची गरज उरत नाही आणि पुसलेली ओळ दशांशासकट परत मिळते. आणि शेतकऱ्यांनो, तुमच्या मंडळाचा आकडा 65 च्या आसपास निघाला, तर सरासरीतून काढलेल्या उत्तरावर अर्ज लिहू नका. त्या दिवसाची पर्जन्यमापकाची मूळ नोंद मागून घ्या.