परवानगी कोणाची, संमती कोणाची?

आपल्या निवासी विद्यालयात विद्यार्थ्यांनी स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवायचे ठरविले, तेव्हा पहिला कार्यक्रम म्हणून त्यांनी विज्ञान प्रदर्शनाची निवड केली. त्यासाठी मुख्याध्यापकांना द्यावयाचा विनंती अर्ज नववीतील दोन विद्यार्थ्यांनी लिहिला आणि भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आणला. मजकूर तीनच ओळींचा होता : विज्ञान प्रदर्शन भरणार आहे, आम्ही त्याचे चित्रीकरण करू इच्छितो, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती. शुद्धलेखन निर्दोष होते. तरीही त्या अर्जावर कोणत्याही मुख्याध्यापकाला जबाबदारीने सही करता आली नसती, कारण सही नेमकी कशावर करायची हेच त्यातून कळत नव्हते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला अर्ज या लेखनप्रकाराविषयी विशेष आस्था आहे. आपल्या चळवळीच्या आरंभीच्या काळातील कितीतरी लढे अर्जांतून उभे राहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. त्यात सैन्यात, पोलिसांत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या श्रेणींत प्रवेश मिळावा, अशी ठरावीक मागणी होती. काय हवे, ते कोणाच्या अधिकारात आहे आणि ते का मिळावे, या तीन गोष्टी स्पष्ट असल्या की अर्जाला उत्तर देणे भाग पडते. मी विद्यार्थ्यांना हेच तीन प्रश्न विचारले. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे त्यांनी लगेच दिली. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आमची चार दिवस चर्चा चालली.

शाळेचे सभागृह, प्रदर्शनाची वेळ, शाळेचा भ्रमणध्वनी, शाळेचे नाव या सर्व गोष्टी मुख्याध्यापकांच्या अधिकारातील आहेत. त्यांची परवानगी तेच देऊ शकतात. मुलाचा चेहरा आणि आवाज मात्र त्यांच्या मालकीचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती असावी, असे सूत्र घालून दिले आहे. मूल वसतिगृहात राहते, म्हणजे पालकांचा हा अधिकार शाळेकडे आला असे होत नाही. तिसरी गोष्ट प्रयोगाची. तो ज्यांनी रचला, त्यांचा त्यावर पहिला हक्क. म्हणून अर्जात मुख्याध्यापकांकडे फक्त त्यांच्या हातातील गोष्ट मागायची आणि उरलेल्या दोन संमती आपण कशा मिळविणार, हे त्यांना कळवायचे, असे ठरले.

पालकांची संमती ही निवासी शाळेत सोपी बाब नाही. आपल्याकडील अनेक पालक ऊसतोडीला जातात, काही निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी कामावर असतात. प्रदर्शन हिवाळ्यात भरते आणि त्या वेळी त्यांना गाठणे कठीण होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना सोडायला ते येतात, तोच एक दिवस हाताशी असतो. विद्यार्थ्यांनी त्या दिवसासाठी एका पानाचा संमतीपत्राचा नमुना तयार केला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो शिक्षकांनी वाचून दाखवायचा आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. त्यात तीन पर्याय होते : चेहरा व आवाज दोन्ही चालतील, फक्त हात आणि प्रयोग दाखवावा, काहीही दाखवू नये. नकाराचे कारण विचारायचे नाही, असे आम्ही मुद्दाम ठरविले. काही मुले बाल कल्याण समितीमार्फत निवासी संस्थांत आलेली असतात. अशा मुलांची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे. कारण विचारले की हे मूल वेगळे आहे, हे इतरांना कळते. नुसता नकार नोंदविला की ते कळत नाही.

याच विचाराने, ज्यांचा नकार आहे त्यांच्या हाताला फीत बांधावी ही सूचना आम्ही बाजूला ठेवली. त्याऐवजी चित्रीकरण करणाऱ्यांजवळ मेजांची यादी ठेवायची. कोणत्या मेजावर चेहरा घ्यायचा आणि कोणत्या मेजावर कॅमेरा खाली ठेवायचा, एवढेच तिच्यात असेल. मुलांच्या अंगावर कोणतीही खूण नको.

नावाचा प्रश्न विद्यार्थ्यांनीच काढला. चित्रफितीत प्रत्येकाचे नाव खाली झळकणार. आडनाव लिहायचे की नाही? आपल्या समाजात आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे या मुलांना सांगावे लागत नाही. एकजण म्हणाला, “सर, आडनाव कोणाचेच नको, म्हणजे भानगड नाही.” दुसरी ताडकन म्हणाली, “मी का लपवू? माझं पूर्ण नाव येऊ द्या.” दोघांचेही म्हणणे खरे होते. संमतीपत्रावर एक ओळ वाढली : चित्रफितीत नाव कसे लिहावे, ते विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहावे. कोणी फक्त पहिले नाव लिहिले, तर कोणी आईचे, वडिलांचे आणि आडनावासह पूर्ण.

प्रयोगाच्या मालकीचा प्रश्न गोदावरीच्या एका प्रतिकृतीवरून पुढे आला. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले की सायखेड्याच्या पुलाकडे सर्वांचे लक्ष लागते. आठवीच्या तिघांनी उभ्या नळीत तरंगता गोळा बसविला होता. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढले की गोळा वर येतो, दोन तारा जुळतात आणि घंटी वाजते. ही रचना सर्वज्ञात आहे, ती दाखविल्याने त्यांचे काहीही बिघडत नाही. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर नवी रचना केली असेल, तर अर्ज दाखल करण्यापूर्वी ती जाहीर झाल्यास पेटंट मिळण्यात अडचण येते. १९७० च्या पेटंट कायद्यात केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे. परंतु शाळेतील प्रत्येक प्रदर्शनाला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून, ज्या प्रयोगाबद्दल विज्ञान शिक्षकांना शंका असेल त्याचे आतील भाग दाखवू नयेत, असे कलम अर्जात आले. पुराच्या प्रतिकृतीबाबत निवेदन काटेकोर ठेवायचे ठरले. हे उपकरण टबातील पाण्यावर चालविले आहे. नदीचा गाळ, वाहून येणारी झाडेझुडपे आणि तुटणारी तार यांची परीक्षा अजून झालेली नाही. तेव्हा “पुराची सूचना देणारे यंत्र” असे न म्हणता “पाण्याच्या पातळीची प्रतिकृती” असे म्हणायचे.

शेवटी जो अर्ज तयार झाला तो असा :

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
निवासी विद्यालय, सायखेडा,
ता. निफाड, जि. नाशिक.

विषय : विज्ञान प्रदर्शनाचे चित्रीकरण करून ते विद्यार्थी वाहिनीवर दाखविण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे चित्रीकरण करण्याची आमची इच्छा आहे. जे पालक प्रदर्शनाला येऊ शकत नाहीत त्यांना आपल्या मुलांचे काम पाहता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

१. चित्रीकरण पहिल्या दिवशी सकाळी ९ ते १० या वेळेत, पाहुण्यांसाठी सभागृह उघडण्यापूर्वी होईल. भोजनगृह व वसतिगृह यांचे चित्रीकरण होणार नाही.

२. शाळेचा एकच भ्रमणध्वनी वापरला जाईल. दोन विद्यार्थी चित्रीकरण करतील व एक शिक्षक सोबत राहतील. त्याच दिवशी चित्रीकरण कार्यालयातील संगणकावर उतरवून भ्रमणध्वनीवरून पुसले जाईल.

३. ज्यांच्या पालकांची लेखी संमती आहे आणि जे स्वतः तयार आहेत, त्यांचेच चेहरे व आवाज घेतले जातील. संमतीपत्रे कार्यालयात जमा केली आहेत.

४. नवीन रचना असलेल्या प्रयोगांबाबत विज्ञान शिक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

५. वाहिनीचे खाते शाळेच्या नावे व शिक्षकांच्या ताब्यात राहील. प्रतिक्रिया बंद ठेवल्या जातील. चित्रफीत प्रथम फक्त दुवा असणाऱ्यांना दिसेल. सहभागी विद्यार्थ्यांनी ती पाहिल्यानंतर आणि आपल्या मान्यतेनंतरच ती सर्वांसाठी खुली होईल.

६. कोणत्याही विद्यार्थ्याने वा पालकाने नंतर मागणी केल्यास तो भाग काढला जाईल.

वरील मर्यादेत परवानगी मिळावी, ही विनंती.

आपले विद्यार्थी

शेवटच्या ओळीत मुलांनी आधी “आपले आज्ञाधारक” असे लिहिले होते. त्यांनी स्वतःच ते खोडले. त्याबद्दल मी काही बोललो नाही आणि मुख्याध्यापकांनीही काही विचारले नाही. त्यांनी एकच भर घातली : सोबतच्या शिक्षकांचे नाव अर्जावर लिहावे, म्हणजे ऐनवेळी “कोण थांबणार?” हा प्रश्न उरणार नाही. मग सही झाली.

प्रत्यक्ष कामात सकाळचा तास कमी पडला. प्रत्येक मेजाला दोन मिनिटे धरली होती, परंतु घंट्या, पंखे आणि सभागृहातील घुमणारा आवाज यांमुळे पहिल्या पाच मेजांचे बोलणे ऐकूच येईना. पंखे बंद केले, शेजारच्या मेजांना थांबायला सांगितले, भ्रमणध्वनी बोलणाऱ्याच्या दोन हात अंतरावर आणला, तेव्हा शब्द स्पष्ट आले. दहा वाजले तेव्हा सहा मेजे राहिली होती. विद्यार्थी धावत मुख्याध्यापकांकडे गेले. अर्जात वेळ लिहिलेली असल्याने वाढीव वेळ मागावी लागते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. पाहुणे अर्धा तास बाहेर थांबवून घेण्यात आले.

वर्षभराने दहावी होऊन गेलेल्या एका विद्यार्थिनीने आपला भाग काढण्याची विनंती केली. कारण तिने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सहाव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत वाहिनीवरून उतरविली आणि तिचा भाग वगळून पुन्हा चढविली. दरम्यानच्या काळात कोणी ती उतरवून घेतली असेल तर ती प्रत मात्र परत आणता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. तेव्हापासून संमतीपत्राच्या नमुन्यात पालकांना वाचून दाखविण्यासाठी आणखी एक वाक्य आहे : एकदा खुली झालेली चित्रफीत आम्ही आमच्या वाहिनीवरून काढू शकतो, इतरांच्या हातून काढू शकत नाही.