अंगणातील अपघात आणि घराचा विमा

गृहकर्ज देताना बँक घराचा विमा उतरवून घेते. पुढे कर्ज फिटते, पॉलिसीचे दरवर्षी नूतनीकरण होत राहते आणि घराच्या आवारात काहीही घडले तरी भरपाई मिळेल, अशी घरमालकाची समजूत दृढ होते. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या देत असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी मुख्यतः आग, वीज, पूर, भूकंप अशा संकटांत वास्तूचे आणि घरसामानाचे झालेले नुकसान भरून देते. आवारात आलेल्या परक्या माणसाला दुखापत झाली, तर मालकावर येणारी कायदेशीर जबाबदारी तिच्या मूळ संरक्षणात नाही. त्यासाठी गृहस्थांच्या पॅकेज पॉलिसीतील ‘सार्वजनिक दायित्व’ हा विभाग निवडावा लागतो.

सांगलीकडील हळदीच्या एका व्यापाऱ्यांनी हा विभाग घेतला होता. एका अपघातासाठी मर्यादा दहा लाख रुपये. घराच्या पुढील खोलीत त्यांची पेढी, मागे आणि वर कुटुंबाचा राहता भाग. एके दिवशी अंगणातील पाण्याची टाकी धुण्यासाठी झाकण काढून ठेवले होते. भोवती ना दोरी, ना पाट आडवा. कुरिअरचा मुलगा पार्सल घेऊन आत आला आणि टाकीत पडला. नडगीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेचा खर्च एक लाख चाळीस हजार झाला आणि तीन महिने काम बंद. दरमहा पंधरा हजारांप्रमाणे बुडालेली मजुरी पंचेचाळीस हजार. वेदनांची भरपाई बाजूला ठेवली तरी मागणी एक लाख पंच्याऐंशी हजारांची झाली.

व्यापारी सज्जन होते. त्यांनी मुलाला स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात नेले आणि दहा हजार रुपये भरले. सायंकाळी मुलाचे नातेवाईक आले, तेव्हा “चूक आमची, सर्व खर्च देऊ” असे स्टँपपेपरवर लिहून देण्यास ते निघाले. धाकट्या भावाने हात धरला. “दादा, औषधाचे पैसे द्या, पण सही आज नको. आधी कंपनीला कळवू.”

हा सल्ला कोरडा वाटेल. परंतु पॉलिसीतील अट नेमकी हीच असते. कंपनीच्या लेखी संमतीवाचून मालकाने जबाबदारी कबूल करू नये, तडजोड करू नये. तशी कबुली दिल्यास कंपनी दावा नाकारू शकते आणि लिहून दिलेल्या शब्दांचा भार मालकाच्याच खिशावर पडतो. तातडीच्या उपचारासाठी केलेली मदत निराळी. तिची पावती ठेवावी आणि पावतीवर दोषाचा उल्लेख नसावा. ही रक्कम मात्र कंपनी परत देईलच, असे गृहीत धरू नये.

भावांनी त्याच रात्री कंपनीस लेखी सूचना दिली, टाकीची छायाचित्रे काढली आणि पार्सलवरील पत्त्याची चिठ्ठी जपून ठेवली. या चिठ्ठीलाच पुढे महत्त्व आले. कंपनीच्या तपासनिसाने तीन गोष्टी विचारल्या. मालकाचा निष्काळजीपणा होता काय? होता, उघडी टाकी हाच पुरावा. नुसती दुखापत पुरेशी नसते. मालक कायद्याने जबाबदार ठरला तरच हा विमा लागू होतो. जखमी माणूस घरचा नोकर होता काय? नव्हता. तो कशासाठी आला होता? पार्सल मुलीच्या साडीचे होते. हळदीचे नमुने असते, तर अपघात व्यवसायाचा ठरला असता, आणि व्यवसायातून उद्भवणारे दायित्व घरगुती विभागातून वगळलेले असते. पेढीसाठी निराळे संरक्षण हवे. घर आणि दुकान एकाच छताखाली असलेल्या कुटुंबांत हा भेद सहसा कोणी विचारात घेत नाही.

कंपनीच्या संमतीने तडजोड झाली आणि मुलाला न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

टाकी धुणारा गडी स्वतः घसरला असता, तर मात्र निराळे घडले असते. मालकाने थेट रोजंदारीवर ठेवलेला माणूस बहुधा त्याचा कर्मचारी मानला जातो, आणि कर्मचाऱ्याची दुखापत सार्वजनिक दायित्वात बसत नाही. तिच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईचा विभाग असतो. रंगकाम ठेकेदाराकडे दिले, तर शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याची जबाबदारी प्रथम ठेकेदाराची. पण गच्चीचा गंजलेला कठडा हाती आल्याने तो पडला, तर दोष घराचा, आणि प्रश्न पुन्हा मालकाच्या दारी येतो. म्हणून काम देतानाच ठेकेदाराकडून त्याच्या कामगारांच्या विम्याची प्रत मागून घ्यावी, आणि कठडा कच्चा असल्यास त्याला तसे आधीच लेखी कळवून ती बाजू बंद ठेवावी.