समुद्राचे पाणी किती उंचीवर असते?

बंगळूरमध्ये पाण्याची टंचाई सुरू झाली की बोम्मसंद्र्याच्या आमच्या वसाहतीत टँकरच्या फेऱ्या वाढतात आणि एक प्रश्न हमखास कानी येतो: समुद्र एवढा अथांग आहे, तर त्याचे पाणी गोडे करून का आणत नाहीत? मुंबई महापालिकेने मनोरी येथे रोज २० कोटी लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प आखला आहे आणि त्याची क्षमता पुढे दुप्पट करण्याचा विचार आहे. चेन्नईजवळच्या मिंजूरला असा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. मग आपणच मागे का, असे वाटणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर द्यायला भौतिकशास्त्रातली एक साधी मोजपट्टी पुरते: पाण्याचा प्रत्येक पर्याय किती मीटर उंच चढवावा लागतो, हे पाहायचे.

एक युनिट वीज, काहीही वाया न जाता, एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर उचलू शकते. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचा हिशेब सोपा होतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याच्या आणि गोड्या पाण्याच्या मध्ये फक्त पाण्याला वाट देणारे पटल ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते. हा प्रवाह थोपवायला लागणारा दाब, म्हणजे परासरण दाब, सुमारे २७ बार भरतो. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. याचा अर्थ, समुद्र आपल्या पायाशी दिसत असला तरी त्यातले गोडे पाणी ऊर्जेच्या दृष्टीने २७० मीटर खोल विहिरीत आहे.

प्रत्यक्षात ही विहीर अधिक खोल निघते. पटलातून गोडे पाणी पलीकडे गेले की मागे उरलेले पाणी अधिक खारट होते. निम्मे पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या निम्म्याची क्षारता दुप्पट झालेली असते आणि त्याचा परासरण दाब ५४ बारच्या आसपास जातो. म्हणून पंपाला ६० बार किंवा त्याहून थोडा अधिक दाब द्यावा लागतो. त्यातही एक हजार लिटर गोड्या पाण्यासाठी दोन हजार लिटर पाण्यावर हा दाब चढवायचा असतो. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब तसाच सोडून दिला, तर निम्मे श्रम फुकट जातात. दाब-विनिमयक नावाचे यंत्र हाच दाब नव्याने येणाऱ्या समुद्रजलाकडे सोपवते. या क्षेत्रातली ऊर्जेची सर्वांत मोठी बचत त्यातूनच झाली आहे. तरीही समुद्रातून पाणी उपसणे, गाळणे, पटलावर शेवाळ व कीटण धरू न देणे आणि शेवटी पाण्यात चुनखडीसारखी खनिजे मिसळणे हे सगळे धरून आधुनिक प्रकल्पाला हजार लिटरमागे तीन ते चार युनिट लागतात.

आता बंगळूरकडे वळू. कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे १०० किलोमीटर अंतर तीन टप्प्यांत पंपाने येते. चढ आणि नळातले घर्षण मिळून पंपांना सुमारे ५०० मीटरचा भार उचलावा लागतो. पंप-मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर हे हजार लिटरमागे जवळपास पावणेदोन युनिट होतात. नळातून येणारे हे नदीचे पाणी निःक्षारीकरणाच्या निम्मी ऊर्जा आधीच पिऊन आलेले असते.

समुद्राचे पाणी आणायचे ठरवले तर? बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर आहे. मंगळूरहून वा चेन्नईहून वाट सुमारे साडेतीनशे किलोमीटरची. घर्षणासाठी किलोमीटरमागे केवळ एक मीटर धरला, तरी एकूण भार १२५० मीटर होतो आणि त्याला साडेचार युनिट लागतात. निःक्षारीकरणाची साडेतीन मिळवली की बेरीज आठ होते. पटलाचे तंत्रज्ञान उद्या आदर्श झाले तरी ही साडेचार युनिट कमी होणार नाहीत. आपली अडचण मिठाची नसून उंचीची आहे.

मुंबईचे गणित निराळे आहे. मनोरीचा प्रकल्प समुद्रसपाटीवर आहे आणि पाणी पिणारे लोकही तिथेच आहेत. पण मुंबईची तुलना तिच्याच तलावांशी करावी लागते. तानसा आणि मोडकसागरचे पाणी उताराने शहराकडे येते, त्याला उचलण्याची वीज जवळजवळ लागत नाही. नव्या गारगाई धरणाची किंमत विजेत नसून तानसा अभयारण्यातल्या जंगलात आणि विस्थापित होणाऱ्या गावांत मोजावी लागेल. समुद्र पावसाची वाट पाहत नाही, हा त्याचा खरा फायदा. त्यासाठी हजार लिटरमागे साडेतीन युनिट मोजायची का, हा मुंबईपुढचा प्रामाणिक प्रश्न आहे.

त्या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे उरलेले खारे पाणी. निम्मे पाणी वापरले, तर मनोरीतून रोज तेवढेच, म्हणजे २० कोटी लिटर, दुप्पट खारट पाणी समुद्रात परत जाईल. ते जड असल्यामुळे वर पसरत नाही. तळाशी बसून उताराच्या दिशेने सरकते. म्हणूनच त्याची वाढलेली क्षारता पृष्ठभागाच्या नमुन्यात सापडत नाही. मोजमाप तळाजवळ करावे लागते. ते खाडीच्या उथळ पाण्यात सोडले, तर तळावरच्या शिंपल्यांपासून मासळीच्या अंड्यांपर्यंत सर्वांना त्याचा त्रास होऊ शकतो. खोल पाण्यात, अनेक तोंडांच्या नळातून जोराने वर फेकले, तर काही मीटरांतच ते बरेच विरळ होते. मुंबईच्या मोठ्या भरती-ओहोटीची त्याला मदत होईल. त्यामुळे बहिर्गमन नळ कुठे आणि किती खोलवर संपतो, हे कोळी बांधवांनी विचारायलाच हवे.

बोम्मसंद्र्याला तर समुद्रच नाही. इथल्या घरांतल्या आणि कारखान्यांतल्या आरओ यंत्रांनी वेगळे काढलेले क्षार गटारात, तलावात किंवा भूजलात जातात. ते आटवून कोरडे करायचे म्हटले, तर खाऱ्या पाण्याच्या दर हजार लिटरला वीस-पंचवीस युनिट सहज लागतात.

आपल्यापाशी उंचीवर आधीच आलेले एक पाणी आहे: सांडपाणी. त्याला वर आणण्याची पावणेदोन युनिट आपण एकदा भरलेली आहेत आणि त्याचा परासरण दाब एका बारहून कमी असतो. उत्तम शुद्धीकरणाला एक ते दीड युनिट पुरतात. समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले नामिबियाचे विंडहूक शहर १९६८ पासून असे पाणी पीत आहे. तिथल्या आजच्या संयंत्रात ओझोन, सक्रिय कोळसा आणि अतिसूक्ष्म गाळण वापरतात. आरओ नाही, म्हणून खाऱ्या पाण्याची विल्हेवाटही लावावी लागत नाही. मात्र या पद्धतीत क्षार निघत नाहीत. प्रत्येक फेरीत ते थोडे वाढतात, म्हणून धरणाचे ताजे पाणी मिसळावेच लागते. बंगळूरलाही कावेरी लागेलच. पण तिचे प्रत्येक लिटर एकदाच वापरून खाली सोडून देण्याची चैन ९०० मीटर उंचीवरच्या शहराला परवडणारी नाही.