महिन्याची नोटीस कुठून मोजायची?

गंगापूर रोड, नाशिक
१६ ऑगस्ट

आदरणीय काकू,

खाली येऊन बोलणं सोपं होतं. पण नोटिशीवर तारीख लागते, म्हणून हे पत्र.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात माझं नाव लागलं. लागलं नसतं तर स्वयम योजनेचे पैसे खात्यावर येण्याची वाट पाहत इथंच राहिले असते. तिकडे ठरल्या तारखेच्या आत हजर व्हावं लागतं, त्यामुळे सत्र संपेपर्यंत थांबता येणार नाही. ३१ ऑगस्टला सामान हलवते.

पावतीच्या मागे ‘एक महिना आधी कळवणे’ असं छापलंय. महिना आजपासून धरला तर तो १५ सप्टेंबरला संपतो. ४,२०० रुपये भाड्यातले सप्टेंबरचे निम्मे, २,१०० मी देणं लागते. पुढच्या एक तारखेपासून धरला तर पूर्ण ४,२००. माझं डिपॉझिट ८,४०० रुपये आहे. विजेचे १५० दोन्हीकडे वजा केले, तर पहिल्या हिशेबाने मला ६,१५० परत मिळतात, दुसऱ्याने ४,०५०. पावतीवर एक तारखेचा उल्लेख नाही, म्हणून पहिला हिशेब मला बरोबर वाटतो. तुमची पद्धत वेगळी असेल तर सांगा.

जेवणाचे २,८०० यात धरले नाहीत. एक तारखेपासून मी ताटावर नसेन आणि किराणा भरायच्या आधीच कळवते आहे.

खरी अडचण पावतीच्या शेवटच्या ओळीची आहे: सहा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट परत नाही. त्याखाली माझी सही आहे, ती मी नाकारत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं, की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तेव्हा कॉट किती दिवस रिकामी राहते, हे बघायला हवं. माझ्या वर्गातली एक मुलगी सध्या कळवणहून रोज ये-जा करते. ती रविवारी खोली बघायला येऊ शकते. १ सप्टेंबरपासून ती राहायला आली, तर माझ्याकडून अर्ध्या महिन्याचं भाडं तरी घ्यायचं का, हेही ठरवू.

काही मुली शेवटचं भाडं थकवून ‘डिपॉझिटमधून कापा’ म्हणतात. मी तसं केलेलं नाही, ऑगस्टचं भाडं दिलंय. कपाटाची कडी मी येण्याआधीपासून तुटलेली आहे. तिचा फोटो जूनमध्येच तुम्हाला पाठवला होता. किल्ली देताना खोली एकत्र बघू आणि काय कापायचं ते तिथंच लिहू. उरलेली रक्कम कोणत्या तारखेला द्याल, तेही त्याच कागदावर टाका.

सोबतच्या प्रतीवर ‘मिळाले’ लिहून आजच्या तारखेसह सही कराल का?

आपली,
खिडकीकडच्या कॉटवरची